सकवारअक्कांचा परत आलेला चेक

स्कूटरच्या डिकीत मी आजवर कोथिंबीर, विजेचं बिल आणि मेहुण्याच्या दाताचा एक्स-रे विसरलो आहे. पण शहाण्णव साली सकवारअक्कांचा न वटलेला चेक विसरलो, तो विक्रम अजून मोडलेला नाही.

अक्का जे. पी. नगरात आमच्या मागच्या गल्लीत शिवणकाम करायच्या. घराणं बेंगळुरात इतकं जुनं, की त्यांची मराठी कन्नडला कडेवर घेऊनच चालायची. टेप न लावता माप घ्यायच्या. माझ्याकडे नुसतं बघून "दोन इंच वाढवते, नंदू" म्हणायच्या आणि ते दोन इंच मी भरून काढायचो. आनेकलच्या एका कारखान्यातल्या कामगारांचे गणवेश त्यांनी शिवून दिले. मजुरीचा चेक मात्र मधल्या कंत्राटदाराचा, विश्वेश्वरचा. त्या पैशांवर त्यांनी विजेवरची दोन मशीनं ठरवली होती. दुकानदार दिवाळीपर्यंतच थांबणार होता, आणि मशीनं नसतील तर पुढच्या वर्षीचं काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

चेक परत आला. खात्यात पुरेसे पैसे नाहीत, असा बँकेचा मेमो सोबत. अक्कांनी दोन्ही कागद माझ्याकडे दिले, ऑफिसला जाताना हेमलता वकिलांकडे टाक म्हणून. मी टाकले. डिकीत. ती नीट उघडली तीन आठवड्यांनी.

हेमलताबाईंनी मेमोची तारीख पाहून चष्मा काढला. मेमो मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी नोटीस जायला हवी होती. मुदत उलटली होती. अक्का माझ्या शर्टाच्या बटणाकडे बघत राहिल्या. ते त्यांनीच लावलेलं होतं, म्हणून वाचलं.

"पण चेक अजून जिवंत आहे," बाई म्हणाल्या. "तारखेपासून सहा महिन्यांच्या आत पुन्हा बँकेत टाका. परत आला की नवा मेमो, नवे पंधरा दिवस."

या वेळी अक्का स्वतः गेल्या. चेक इमानानं पुन्हा परत आला, आणि पैसे न मिळाल्याबद्दल मी प्रथमच पेढे खाल्ले. त्याच आठवड्यात पोचपावतीसह रजिस्टर नोटीस गेली: मिळाल्यापासून पंधरा दिवसांत चेकची रक्कम द्या, नाहीतर फौजदारी तक्रार.

विश्वेश्वर दारात हजर. कारखान्यानं त्याचंच बिल अडवलं होतं, त्यानं काय करावं, असं बराच वेळ चाललं. अक्का काजं करत होत्या.

"सही कोणाची, अण्णा?"

"माझी."

"खातं?"

"माझंच."

"मग कारखान्याला कशाला मधे घेताय? वकीलबाई म्हणतात, तुरुंगात ज्याची सही तोच जातो."

तो पुढच्या तारखेचा चेक द्यायला निघाला. अक्का म्हणाल्या, चेक पुरे झाले, ड्राफ्ट आणा, आणि आता कॉफी पिऊन जा.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी ड्राफ्ट आला. दिवाळी अजून लांब होती. अक्कांनी तो पिशवीत घातला, चपला चढवल्या. मी उत्साहानं स्कूटरची किल्ली काढली आणि विचारलं, बँकेत मी टाकून येऊ का?

"तू स्वल्प घरीच बस."