दहापर्यंतची परवानगी

जंगलाच्या फाटकावर वणव्याचा धोका दाखवणारा एक मोठा अर्धगोल बोर्ड होता. त्यावर हिरवा, निळा, पिवळा, नारिंगी आणि लाल असे पाच पट्टे, आणि मधोमध लोखंडी काटा. तो काटा फिरवण्याचं काम जिच्याकडे होतं तिला येणारे-जाणारे ‘काटेवाली’ म्हणत. तोंडावर मॅडम, पाठीमागे काटेवाली. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही वाटत नसे. नवऱ्यानेही एकदा फोनवर कुणाला तरी सांगितलं होतं, “काटेवाली घरी नाही, मागाहून करा.” ती स्वयंपाकघरातून हसली होती.

हवामानशास्त्र शिकून ती वनखात्यात आली तेव्हा विमानतळावरची नोकरी सोडून जंगलात कशाला जातेस म्हणून माहेरच्यांनी नाकं मुरडली होती. तिला मात्र हवा कागदावर बघण्यापेक्षा पायाखालच्या पाचोळ्यात बघायला आवडायची. पानगळीच्या जंगलात उन्हाळा लागला की झाडं पार उघडी होतात. सावली जाते, ऊन थेट जमिनीवर येतं आणि सगळी पानं एकावर एक पसरून पडतात. ती सतरंजी कधी पेट घेईल हे सांगणं तिचं काम नव्हतं. ते कुणालाच सांगता येत नाही. ठिणगी पडलीच तर आग कशी पळेल, आवरेल की हाताबाहेर जाईल, एवढंच तिला सांगायचं असे. लोकांना हा फरक कधी पटला नाही. काटा लालवर असताना दिवसभर काही पेटलं नाही की संध्याकाळी चहाच्या टपरीवर कुणीतरी हमखास म्हणायचं, “काय मॅडम, आजही नुसतंच लाल?”

त्या वर्षी पावसाने फार लवकर पाठ फिरवली होती. जाडजूड ओंडकेसुद्धा आतपर्यंत वाळले होते, लाथ मारली की पोकळ आवाज यायचा. काटा कित्येक दिवस नारिंगी आणि लाल यांच्यामध्येच झुलत होता. लाल असला की जंगलात विस्तव लावायला बंदी, आणि त्या बंदीत सगळ्यात जास्त अडकला होता तिचा स्वतःचा दीर.

दीर रस्त्याच्या कामावर मुकादम होता. जंगलातून जाणाऱ्या रस्त्याचं डांबरीकरण त्याच्याकडे होतं. डांबराचं पिंप तापवायला खाली लाकडं पेटवावी लागत, म्हणजे लाल काटा असला की काम ठप्प. दोघं एकाच घरात राहायची, एकाच पंगतीला जेवायला बसायची. तो घास घेता घेता म्हणायचा, “वहिनी, माझी माणसं दगडावर बसून माश्या मारतायत. तो काटा जरा गंजलाय का बघा, खालीच सरकत नाही.”

“गंजला नाहीये भाऊजी. हवा सरकत नाहीये.”

“तुमच्या हवेने माझा जीव खाल्लाय,” तो म्हणायचा. सासूबाई दोघांच्या मधे बसून शांतपणे पोळ्या वाढायच्या.

मग एके दिवशी संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि सरी कोसळल्या. कोसळल्या म्हणजे काय, अंगण भिजलं, मातीचा वास सुटला आणि अर्ध्या तासात सगळं आटोपलं. पण दिराच्या आनंदाला पारावार राहिला नाही. सकाळी ती चप्पल घालत होती तोवर तो दारात उभा.

“आता तरी काटा खाली येईल ना? पाऊस पडलाय, वहिनी! डोळ्यांनी बघितलाय मी.”

“मीही बघितलाय. बघू, मोजून सांगते.”

वनखात्याच्या ठाण्याच्या अंगणात पांढऱ्या जाळीदार पेटीत दोन तापमापक शेजारी शेजारी टांगलेले होते. एक साधा. दुसऱ्याच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलेलं. हवा कोरडी असेल तितकं फडक्यातलं पाणी भराभर उडतं आणि तो तापमापक जास्त थंड पडतो, म्हणून दोघांतला फरक वाढला की समजायचं, ओलावा कमी. त्या सकाळी फरक जेमतेम चार अंश होता. हवेत सत्तर टक्के ओलावा, वारा जवळजवळ नाहीच. पाचोळ्याचं वरचं पान तिने हातात घेऊन मुडपलं, ते मोडलं नाही, वाकलं. खालची पानं मात्र अजून कुरकुरत होती. पर्जन्यमापकात दोन मिलिमीटर पाणी होतं. सुकेपणाच्या हिशेबात पहिले पाच मिलिमीटर धरतच नाहीत, ते झाडांच्या अंगावर आणि वरच्या पानांवरच संपतात. म्हणजे महिनोन्महिन्यांच्या कोरडेपणाचा आकडा होता तिथेच होता. सरीने फक्त वरचा थर भिजवला होता, आणि बारीक पानं जशी तासाभरात ओलावा घेतात तशीच तासाभरात सोडतातही.

तिने तिन्ही गोष्टी एकत्र घातल्या. कोरडेपणा जुना आणि खोल, ओलावा आत्तापुरता चांगला, वारा शांत. उत्तर आलं पिवळं. हवामान केंद्राचा अंदाज होता की ढग दुपारपर्यंत टिकतील, मग वरचा कोरडा वारा खाली उतरेल. तिने रेंजर साहेबांना फोन केला आणि म्हणाली, “सकाळी काम करू देता येईल. दहाला विस्तव विझलेला हवा.”

“तुमचं मत असेल तर द्या परवानगी,” साहेब म्हणाले.

दिराला तिने स्वतः सांगितलं. “दहापर्यंत. विझवायचा म्हणजे पाणी ओतून, हात लावून थंड लागेपर्यंत.”

“हो हो, दहा म्हणजे दहा,” असं म्हणत तो निघालासुद्धा.

साडेनऊच्या सुमारास तिच्या खिडकीतून टेबलावर ऊन पडलं. तिला आधी लक्षातच आलं नाही. मग तिने मान वर केली आणि बघितलं तर ढगांत भगदाड पडलं होतं. सकाळी जमिनीलगत थंड हवेचं झाकण असतं, वरचा वारा त्याच्यावरून निघून जातो. ऊन तापलं की झाकण उडतं. अंदाजाप्रमाणे ते दुपारी उडायचं होतं. ती पेटीपाशी गेली. फरक दुपटीहून जास्त झाला होता. दहाला विस्तव विझेलच, असं धरून ती थांबली. पुन्हा बघितलं, दहा वाजून गेल्यावर, तेव्हा साधा चौतीस आणि ओला साडेवीस. ओलावा तीसच्या खाली घसरला होता आणि खांबावरची वारा मोजणारी वाट्यांची फिरकी गरगर फिरायला लागली होती.

तिने दिराला फोन लावला. लागला नाही. जंगलात काम चालू होतं त्या वळणावर फोन कधीच लागायचा नाही, हे तिला माहीत होतं. तिने साहेबांना कळवलं, आगपथकाला तयार राहायला सांगितलं आणि जीपवाल्याला म्हणाली, “चला.”

वळणावरून धूर दिसला तेव्हा तिला बरं वाटलं, कारण तो काळा धूर होता, डांबराचा, पाचोळ्याचा नव्हे. दीर पिंपाशेजारी उभा होता. खाली लाकडं धडधडत होती.

“भाऊजी, दहा वाजून गेले!”

“एकच पिंप राहिलंय वहिनी, पाच मिनिटं. सकाळी पाचोळा ओला होता, तुम्हीच म्हणालात.”

“सकाळी होता. आता हातात घेऊन बघा.”

तो वाकला, त्याने मूठभर पानं उचलली आणि ती त्याच्या मुठीत चुरा झाली. त्याचा चेहरा बदलला. “पाणी आणा रे!” तो ओरडला. माणसं धावली. पण त्याच वेळी खालून वाऱ्याचा एक झोत आला, लाकडांच्या ढिगातून ठिणग्यांचा झुबका उठला आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन पडला. कुणाला काही कळायच्या आत पाचोळ्यात एक पिवळा डाग उमटला, मग त्याची रेघ झाली, मग ती रेघ चढावर चालायला लागली.

चढावर आग भराभर जाते, कारण ज्वाळा वरच्या पानांना आधीच भाजून ठेवतात, आणि त्यात वारा पाठीशी होता. दीर हिरवी फांदी तोडून आगीच्या तोंडासमोरच झोडपायला धावला. तिने त्याला दंडाला धरून ओढलं. “समोरून नाही! बाजूने या, मागून!” त्याने ऐकलं, पण तोवर त्याचा डावा हात कोपरापर्यंत भाजला होता. आगपथक ब्लोअर घेऊन आलं, कडेकडेने पानं उडवून जमीन उघडी करत गेलं. माथ्यावर हिवाळ्यात, काटा निळ्यावर असताना जाळून ठेवलेली जाळरेषा होती, माणसाच्या उंचीच्या तिप्पट रुंद काळा पट्टा. आग तिथे आली, तिला खायला काही मिळालं नाही आणि ती बसली. काही ठिणग्या पलीकडे गेल्या. त्या विझवण्यात दुपार गेली.

बारा-तेरा हेक्टर जळालं. माणूस कुणी गेला नाही.

चौकशीत तिने सगळं जसं घडलं तसं सांगितलं. परवानगी तिच्या शब्दावर दिली गेली होती. सकाळचे आकडे बरोबर होते. पण परवानगी तिने घड्याळाला बांधली होती, हवेला नाही. ढग लवकर फुटले आणि घड्याळ मागे राहिलं. जिथे फोन लागत नाही तिथे विस्तव पेटवायला दिला, माणूस ठेवला नाही. दिराने आपलंही सांगितलं, दहा वाजून गेल्यावर विस्तव चालू ठेवला म्हणून. तिला लेखी समज मिळाली. त्याचं त्या हंगामाचं काम काढून घेतलं.

घरात महिनाभर दोघांचं बोलणं बंद होतं. जेवायला मात्र रोज समोरासमोरच. तो सासूबाईंना म्हणायचा, “आई, मीठ इकडे सरकवायला सांग.” ती म्हणायची, “आई, मीठ त्यांच्याजवळच आहे.” नवऱ्याने दोघांपुढे हात टेकले होते. हाताची पट्टी बदलायला मात्र तीच बसायची, आणि तोही मुकाट्याने हात पुढे करायचा.

एकदा ती अशीच पट्टी गुंडाळत असताना तो म्हणाला, “ढग लवकर फुटतील हे तुम्हाला कळायला हवं होतं का?”

तिने पट्टीची गाठ मारली. “फुटू शकतात, हे धरून चालायला हवं होतं.”

“आणि मी दहाला थांबायला हवं होतं.”

“हवं होतं.”

“झालं ना?” आतून सासूबाई म्हणाल्या. “मग उद्यापासून मला मीठ विचारू नका.”

पुढच्या उन्हाळ्याआधी तिने खात्याला नवी पद्धत आखून दिली. सकाळचा एक काटा पुरेसा नाही. विस्तवाचं काम जिथे चालू असेल तिथे दर तासाला हवा मोजायची. ओलावा पस्तीसच्या खाली गेला किंवा वारा ठरलेल्या वेगावर चढला की परवानगी तिथल्या तिथे रद्द, कुणाला विचारायचं नाही. प्रत्येक टोळीबरोबर वायरलेस असलेला एक वनरक्षक. साहेबांनी आधी कुरकुर केली, माणसं कुठून आणायची म्हणून. मग सही केली.

पाऊस झाल्यावर ती जळालेल्या चढावर गेली होती. सगळीकडे कंबरभर गवत माजलं होतं, झाडांच्या बुंध्यांना कोवळे फुटवे आले होते. बरोबरचा वनरक्षक म्हणाला, “किती छान हिरवं झालंय ना मॅडम.” ती म्हणाली, “हो. थंडी सरली की हे सगळं वाळेल. या तुकड्याकडे जरा जास्त लक्ष ठेवा.” आणि गवताची उंची मोजायला तिने पिशवीतून टेप काढला.