पत्रिकेतली एक ओळ

उज्ज्वला ढवळेने इचलकरंजीतल्या आपल्या दुकानात संगणकावर सव्वीस वर्षं लोकांच्या लग्नपत्रिका जुळवल्या, स्वतःची तेवढी जुळवायची राहिली. गावाचं त्यावर बोलून झालं होतं, तिचंही हसून झालं होतं.

या वेळी पत्रिका भाचीची, ऋतुजाची होती. आई गेल्यावर उज्ज्वलानेच भावाला, अजितला, वाढवलं आणि मग त्याच्या या मुलीला न्हाऊमाखू घातलं. व्याही बंगळूरचे, म्हणून एकाच पानावर डावीकडे मराठी आणि उजवीकडे इंग्रजी मजकूर हवा होता. अजितने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या निमंत्रकांच्या यादीत सगळी जोडपी होती. आत्याचं नाव नव्हतं.

"अरे, माझं?" तिने फोनवर कसंबसं विचारलं.

"अक्का, जागाच नाही गं! दोन भाषा, एक पान. तुला ठाऊक नाही होय?"

तिला ठाऊक होतं, म्हणून तर ती कामाला लागली. मराठी ओळी जवळ आणल्या असत्या तर वरच्या ओळीतले उकार आणि खालच्या ओळीतल्या वेलांट्या एकमेकांना भिडल्या असत्या. तिथे तिने हात लावला नाही. इंग्रजीला वर-खाली मात्रांचा पसारा नसतो, त्यामुळे त्या ओळी जवळ आल्या, अक्षर अर्ध्या पॉइंटने लहान झालं आणि पत्ता मराठी रकान्यातून उचलून इंग्रजीखाली मोकळ्या झालेल्या जागेत गेला. छापल्यावर कापण्यासाठी पानाबाहेर तीन मिलिमीटर आणि कडेपासून मजकुराला पाच मिलिमीटर तिने सोडलेच. अशा बाबतीत ती हट्टी होती. दुपारी निमंत्रकांखाली एक अख्खी ओळ मोकळी झाली.

तिथे नाव टाकणं दहा सेकंदांचं काम होतं. पण मागून घेतलेला मान तिला नको होता. ओळ रिकामी ठेवून तिने नमुना पाठवला. त्याने आपण होऊन म्हणावं, एवढीच तिची आस होती.

लगेच फोन आला. "अक्का, जागा काढलीस की! तुझा हात कुणी धरणार नाही बघ. आता तिथं सौ. व श्री. मगदूम घाल. शेजारी आहेत, नाराज व्हायला नकोत."

तिने नाव कागदावर उतरवून घेतलं. "एकदा का अक्षरांच्या आकृत्या केल्या की मला काही बदलता येणार नाही. नीट आठव. घरचं कुणी राहिलं का?"

अजितने खरोखरच विचार केला. पलीकडे त्याचं पुटपुटत मोजणं तिला ऐकू येत होतं.

"नाही गं. घरचे सगळे आले."

उज्ज्वलाने मगदूमांचं नाव टाइप केलं. छापखान्यात हा फॉन्ट नसला तरी मात्रा विस्कटू नयेत म्हणून सगळ्या अक्षरांच्या आकृत्या केल्या, रंग छपाईच्या चार शायांमध्ये बदलले आणि पीडीएफ काढली. पान पडद्यावर मोठं करून एकेक नाव तपासलं. काही चुकलं नव्हतं. मग तिला रडू आलं, आणि दुकानात कुणी नव्हतं म्हणून तिने ते आवरलं नाही.