आबांचं आउट ऑफ स्टेशन

गुलाबराव मास्तरांचं इंग्रजी म्हणजे अमडापुरात एकेकाळी ऐकायला उभं राहावं अशी गोष्ट होती. वस्तीतला इंग्रजीत सही करणारा पहिला माणूस तो. कुणाच्या घरी बँकेचा कागद आला, कुणाच्या पोराला पलटणीतून चिठ्ठी आली, की लोक म्हणायचे, चला मास्तरकडे. मास्तर चष्मा पुसत, घसा साफ करत आणि असं काही दणदणीत वाचत, की कागदात वाईट बातमी असली तरी ऐकणाऱ्याला जरा बरं वाटायचं. हायस्कुलात त्यांनी उभी हयात इंग्रजी शिकवण्यात घालवली. त्यांच्या हाताखालचे पोट्टे तहसिलीत गेले, बँकेत गेले, कोर्टात गेले आणि जिथे गेले तिथे मास्तरांचंच इंग्रजी बोलले.

पोरगी समता तर त्या इंग्रजीवरच पोट भरते. बुलढाण्याला घरी बसून ती चेन्नईच्या एका कंपनीचं काम करते. आपल्याकडचे प्रोफेसर, डॉक्टर मंडळी परदेशातल्या मासिकांसाठी लेख लिहितात, ते आधी समतासारख्यांच्या हातून जातात. डिस्कस अबाऊट दिसलं की अबाऊट काढायचं, कारण डिस्कसमध्येच 'च्याबद्दल' येऊन जातं. 'रिव्हर्ट बॅक' दिसलं की नुसतं रिप्लाय करायचं. आपल्याकडे मीटिंग प्रीपोन होते, तिकडच्या वाचकाला ते कळेलच असं नाही, म्हणून तिथे 'ब्रिंग फॉरवर्ड' लिहायचं. पोरगी कामाला पक्की. कंपनीत म्हणायचे, समताच्या हातून फाईल गेली की दुसऱ्यानं बघायची गरज नाही. मास्तर हे गावभर सांगत फिरायचे, आणि का नाही सांगावं?

थोरला प्रसेनजित इंग्लंडमध्ये, लीड्सला. बायको केरळची. त्यामुळे घरात बोलणं इंग्रजी, आणि त्यांची पोरगी महामाया हिला मराठीतलं 'आबा' आणि 'आजी' सोडून काही येत नाही. आजी तानाबाई बिचारी फोनवर नुसती हसायची. पण आबांना इंग्रजी येत होतं ना! दर रविवारी संध्याकाळी व्हिडिओवर आजा-नात तासभर बसत. महामाया विचारायची, आबा, तुम्ही मागच्या रविवारी 'आउट ऑफ स्टेशन' होता म्हणालात, म्हणजे कोणत्या स्टेशनच्या बाहेर? झालं! मास्तर खुलले. मग गोऱ्या साहेबाच्या काळात नोकरीच्या गावाला स्टेशन कसं म्हणत, अमडापुरात रेल्वे कशी नाही, शेगावला गाडी धरायला कसं जावं लागतं, इथपर्यंत गाडी जायची. कधी आबा म्हणायचे, मी अमुक साली कॉलेजातून 'पास्ड आउट' झालो. तिकडे त्याचा अर्थ बेशुद्ध पडणं. पोरगी घाबरून विचारायची, मग तुम्हाला दवाखान्यात नेलं का? ते ऐकून मास्तर हसून हसून डोळे पुसत आणि तानाबाईंना हाका मारत, "अवं ये न इकडं, तुई नात काय इचारून राह्यली ते पाय!"

असं बरं चाललं होतं. मग महामायाच्या शाळेनं एक पुस्तिका काढायचं ठरवलं. प्रत्येक मुलाच्या आजी-आजोबांनी आपल्या लहानपणाविषयी चार शब्द लिहून द्यायचे. आता मास्तरांना हे सांगायचीच खोटी. आठवडाभर ते टेबलावरून उठले नाहीत. जेवायला हाक मारली की म्हणत, "थांब वं, लिहून राह्यलो मी."

लिहिलंही काय सुरेख होतं! परीक्षा अचानक प्रीपोन झाली, वडील कामासाठी आउट ऑफ स्टेशन होते, पायात घालायला काही नव्हतं म्हणून 'कझिन ब्रदर'च्या चपला घेऊन चिखलीला निघालो. चपला मोठ्या होत्या, त्या हातात धरून पळालो आणि वर्गाच्या दाराशी पायात घातल्या. मी पुढे शिकावं की नाही याबद्दल घरात कोणी 'डिस्कस अबाऊट' केलं नाही, आईनं सरळ दप्तर हातात दिलं.

प्रसेनजितनं ते वाचलं आणि समताला फोन लावला. "समते, यावरून जरा हात फिरव. तिची टीचर वाचेल, बाकीच्या पोरांचे मायबाप वाचतील. कोणी हसायला नको."

"हाव दादा, त्यात काय?" समता म्हणाली. त्या दिवशी तिच्याकडे आणखी दोन लेख पडलेले होते. तिनं बापाचं लिखाण त्यांच्यामध्येच घेतलं. आता बापाचं लिखाण आहे बाई, जरा दमानं घ्यावं की नाही? पण हाताला लागलेली सवय. कंपनीत नेहमीच्या चुकांसाठी तयार शेरे असतात, एक बटण दाबलं की समासात येऊन पडतात. 'प्रिय लेखक, हा वापर प्रमाण इंग्रजीत नाही. वाचक गोंधळेल. बदल केला आहे.' प्रीपोनवर पडला, आउट ऑफ स्टेशनवर पडला, तिकडे नुसतं कझिन म्हणतात म्हणून कझिन ब्रदरवर पडला. डिस्कस अबाऊटवर तर पडणारच होता. खरं म्हणजे यातलं हे शेवटचं एकच तिकडच्या व्याकरणात चूक. बाकीचं आपल्या देशात चालणारं, फक्त परक्याला न कळणारं. समताला हा फरक पाठ होता. पण तयार शेऱ्याला कुठे फरक कळतो?

आणि त्यांच्या धंद्याचा एक नेम आहे. लेखकाला दाखवल्याशिवाय त्याचा शब्द हलवायचा नाही. म्हणून दोन फाईली पाठवायच्या, एक स्वच्छ आणि एक खुणा केलेली, जिच्यात काढलेलं आणि घातलेलं सगळं लाल दिसतं. समतानं स्वच्छ फाईल दादाला पाठवली आणि दोन्ही आबांना. तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं हो. उलट लेखकाचा मान राखायचा म्हणूनच पाठवली. त्या प्रामाणिकपणानंच घात केला.

मास्तरांनी मोबाइलवर 'प्रिय लेखक' वाचलं आणि हरखले. आयुष्यात त्यांना कोणी लेखक म्हटलं नव्हतं. नीट वाचता यावं म्हणून बाजारातल्या इंद्रभानच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि रंगीत प्रिंट काढायला सांगितली. इंद्रभान त्यांचाच विद्यार्थी. पानं बाहेर यायला लागली तसा तो हसत म्हणाला, "सर, आमचे पेपर लाल करत होते तुमी. आज तुमचाच पेपर लाल झाला न!" दुकानातले दोघं-तिघंही हसले. मास्तर हसले नाहीत. तिथेच स्टुलावर बसून त्यांनी सगळे शेरे वाचले.

दोन दिवसांनी इंद्रभानचाच समताला फोन. गडी रडकुंडीला आला होता. "ताई, सर काल माह्या घरी आले. म्हने, इंद्रभान, मी तुले चुकीचं शिकोलं, माफ कर. आज बँकेतल्या पुष्पांजलीकडं गेले, तिलेबी असंच म्हनले. तिनं पाय धरले तं मांगं सरकले. म्या तं मस्करी केली होती वं ताई."

 हातातलं काम टाकून समता अमडापूरची एसटी पकडायला धावली.

मास्तर खाटेवर बसले होते. समता समोर बसली आणि सुटलीच. "आबा, प्रीपोन चूक नाही हो. आता तर मोठ्या डिक्शनऱ्यांमध्येही आहे तो शब्द. आउट ऑफ स्टेशन तर साहेबाच्याच काळातलं. तुमचं इंग्रजी चूक नाही, ते आपलं आहे. तिकडच्या माणसाला कळावं म्हणून फक्त बदललं."

"मंग लाल काऊन केलं?"

"सवयीनं झालं आबा. माझं चुकलं."

"तुहं काई चुकलं नाई," मास्तर म्हणाले. आवाजात राग नव्हता, तो असता तर तिला बरं वाटलं असतं. "वाचनारा गोंधळते, असं लिहिलं तू. वाचनारी कोन होती? माही नात होती. तिले समजलं नसतं तं तिनं मले इचारलं असतं."

 समता तिथेच बापाच्या गुडघ्यावर डोकं टेकवून रडली. मास्तरांनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि तानाबाईंना म्हणाले, "पोरगी बुलढान्याहून उपाशी आली, भाकर वाढ तिले."

पुस्तिका निघाली. टीचरनं महामायाच्या आबांच्या पानाचं फार कौतुक केलं म्हणे. त्या रविवारी समता मुद्दाम अमडापुरातच राहिली. फोन लागला. महामाया पडद्यावर पुस्तिका नाचवत होती. मास्तरांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "गुड." बस, एवढंच. पोरगी वाट पाहत राहिली. विचारायला तिच्याकडेही काही नव्हतं, त्या पानावर तिला न कळण्यासारखा एक शब्द उरला नव्हता. मास्तरांनी फोन तानाबाईंच्या हातात दिला. तानाबाई हसल्या.

पुढच्या रविवारी तसंच, त्याच्या पुढच्याही. समता आता दर रविवारी अमडापूरला येऊन दोघांच्या मधे बसते. महामायानं काही विचारलं तर मास्तरांना कळतं सगळं, पण उत्तर ते वऱ्हाडीत देतात. "सांग तिले, तब्येत चांगली हाये. तू सांग, तुहं बरोबर रायते." समता सांगते. आजा आणि नातीच्या मधे आता ती बसली आहे, आणि आपण तिथे बसायला नको होतं हे तिला दर वेळी कळतं. प्रसेनजित म्हणाला, वयच झालं ग आबांचं. समता त्याच्यावर अशी ओरडली, की त्यानं फोनच ठेवला.

परवाच्या रविवारी महामायाला पोहायला जायचं होतं. ती घाईत होती. तिनं दप्तरासारखी पिशवी खांद्यावर अडकवली आणि जाता जाता म्हणाली, आबा, तुम्ही पूर्वीसारखं माझ्याशी बोलत का नाही? मास्तरांचे ओठ हलले. मग ते समताकडे वळले. उभी हयात पोरांना इंग्रजी शिकवलेला माणूस पोरीच्या कानाशी वाकून हळूच विचारू लागला, "समते, 'मले तुही लय आठवन येते' याले तिकडं काय म्हन्तात वं? बरोबर सांगजो."

"आबा, तुम्हाला येतं ते."

"येते वं. पन बरोबर हाये काय ते?" आणि त्यांनी तिला ते वाक्य म्हणून दाखवलं, वर्गात पोरगं उभं राहून म्हणतं तसं, एकेक शब्द सुटा करून. "आय. मिस. यू."

"बरोबर आहे आबा," समता कशीबशी म्हणाली. "अगदी बरोबर आहे."

मास्तरांनी मान हलवली, घसा साफ केला आणि पडद्याकडे वळले. तिथे रिकामी खुर्ची होती. पोरगी केव्हाच पोहायला निघून गेली होती.