पांढऱ्या साडीचा आडवा धागा

आमच्या बाजारातल्या साडीवाल्या काकांना आयुष्यात वाईट कापड भेटलंच नव्हतं. माणसं त्यांना वाईट भेटली, व्याही तर फारच वाईट भेटले, पण कापड नाही. त्यांच्या दुकानाच्या पायरीलगत माझं फॉल-पिकोचं मशीन आहे, त्यामुळे त्यांचं बोलणं दिवसभर माझ्या कानावर पडतं. एखादं गिऱ्हाईक पॉलिस्टरला हलकं म्हणालं की काकांचा चेहरा उतरायचा. "हलकं काहून म्हणता? रात्री धुवा, सकाळी घाला. इस्त्रीवाल्याच्या दारात उभं राहाची गरज नाही. गरिबाची इज्जत ठेवते ते." न्हाव्याकडे दाढी करताना गळ्याभोवती गुंडाळलेला कपडा चिमटीत धरून त्यांनी त्याच्या विणीचं इतकं कौतुक केलं होतं, की न्हाव्याने दुसऱ्या दिवशी तो धुवायला टाकला. एकदा आम्ही शेजारच्या भांडेवाल्याच्या घरी सांत्वनाला गेलो. सगळे खाली मान घालून बसलेले. काकांचा हात हळूच खिडकीच्या पडद्याकडे गेला आणि ते माझ्या कानाशी पुटपुटले, "जुनं हातमागाचं आहे वं. असं आता पाहाले भेटत नाही." डोळ्यांत पाणी होतं. मेलेल्या माणसासाठी की पडद्यासाठी, ते मी विचारलं नाही.

अशा माणसासमोर एका उन्हाळ्यात कुहीच्या मास्तरीणबाई येऊन बसल्या. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. सोबत मुलगी. तीन आठवड्यांवर लग्न. बाईंनी पर्स उघडून एक भिंग आणि एक काडेपेटी गादीवर ठेवली.

"पांढरी पाहिजे, भाऊ. बुद्धवंदनेले माझी मुलगी पांढरीच नेसन. आणि रेशीम म्हणाल तर रेशीमच निघालं पाहिजे. माझ्या लग्नात बापाने रेशीम म्हणून आणली होती. पदराले दिव्याची ठिणगी लागली अन् प्लास्टिकसारखी वितळून हाताले चिकटली." त्यांनी मनगट पुढे केलं. तिथे रुपयाएवढा डाग होता.

काकांनी तो डाग नीट पाहिला, बाह्या सरसावल्या आणि बोलायला लागले.

"सांगतो ताई. ही मलमल. सुती. जाळून पाहाच, कागदासारखी जळन अन् राख फुंकरीने उडन. उन्हात हिच्यासारखी दुसरी नाही. पण लग्नात दोन तास बसली की हजार सुरकुत्या पडतात, हे आधीच सांगून ठेवतो. ही चंदेरी. उभा धागा म्हणजे ताणा, तो रेशमाचा. आडवा म्हणजे बाणा, तो सुताचा. रेशमाचा डिंक काढलेला नसते, म्हणून अशी कडक उभी राहते अन् आरपार दिसते. फार गुणी, पण पूर्ण रेशीम नव्हे. हा आपल्या इकडचा कोसा, रानातलं रेशीम. ऐनाच्या झाडावर वाढलेल्या किड्याचा, म्हणून धागा कुठं जाड, कुठं बारीक. तो दोष नव्हे ताई, तो त्याचा चेहरा आहे."

"पण हा मधासारखा पिवळा दिसून राहिला," बाई म्हणाल्या. "पांढरा होत नाही का?"

"ब्लीच करतात. पण त्याचा जीव जातो. मी तुम्हाले देणार नाही."

बाई प्रत्येक साडीच्या पदराच्या दशांतला एक धागा काढत होत्या, काडी ओढत होत्या, वास घेत होत्या. मुलगी अवघडून म्हणाली, "आई, बस ना आता." बाईंनी ऐकलं नाही. शेवटी काकांनी वरच्या फळीवरून मलमलीत गुंडाळलेली साडी स्वतः शिडी चढून काढली. दुधासारखी पांढरी. तिच्यावर ते जवळजवळ अर्धा तास बोलले. तुतीच्या पानांवरचा किडा, साबणाच्या पाण्यात शिजवून काढलेला डिंक, त्यात धाग्याचं घटणारं चौथा हिस्सा वजन आणि मग येणारी ही मऊ झळाळी. मी मशीन थांबवून ऐकत राहिले. मुलीने साडी खांद्यावर घेतली आणि आरशासमोरून हलेना.

बाईंनी उभा धागा जाळला. तो आक्रसला, केस जळल्याचा वास आला, आपोआप विझला आणि काळी राख बोटात चुरली गेली. काका हसले. मग बाईंनी आडवा धागा काढला. तो भक्कन पेटला, ज्योत शेवटपर्यंत धावली. वास जळक्या कागदाचा.

"हे रेशीम नाही, भाऊ."

काकांनी दुसरा धागा काढला. मग तिसरा, साडीच्या दुसऱ्या टोकातून. तिन्ही वेळा कागद. ताणा खरा होता, बाणा चकचकीत रेयॉनचा, लाकडाच्या लगद्यापासून बनवलेल्या कृत्रिम धाग्याचा. घाऊक व्यापाऱ्याने लावलेली 'शुद्ध रेशीम'ची चिठ्ठी काकांनी वाचली आणि घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, "मी खोटं बोललो नाही ताई. मले माहीत नव्हतं."

"ते दिसलं मले," बाई म्हणाल्या. "पण पाहिलं नाही तुम्ही."

त्या दिवशी काकांनी त्या व्यापाऱ्याचा सगळा माल फळीवरून उतरवला. त्यातल्या दोन साड्या आधीच विकल्या गेल्या होत्या. त्या दोन्ही घरी ते स्वतः गेले, काय झालं ते सांगितलं आणि साड्या परत घेतल्या. एका घरी त्यांना बरंच ऐकून घ्यावं लागलं. बाईंना मात्र त्यांनी सांगितलं होतं, "अठरा दिवस द्या. नाही जमलं तर दुसरं दुकान मीच दाखवीन."

खाप्याला काकांचे म्हातारे विणकर मामा राहतात. त्यांच्या हातमागावर कुणीतरी मागणी देऊन मग नाकारलेल्या साडीचा पांढऱ्या रेशमाचा ताणा तसाच चढवलेला होता. काकांनी आपल्या हाताने ताणा आणि बाणा दोन्हींचे धागे जाळून पाहिले. मामांनी काठाचे लाल धागे काढून निळे जोडले आणि करवतीच्या दात्यांची किनार विणायला घेतली. तिला आडवा धागा इकडून तिकडे नेणारे तीन धोटे लागतात, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. दर फेकीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवावा लागतो, म्हणून दिवसाकाठी वीतभरच पुढे सरकते, मामांचे डोळे साथ देतील त्या दिवशी दोन हात. काका एक दिवसाआड बसने जात. दुकान बंद पाहून गिऱ्हाईकं माझ्याकडे चौकशी करत. मी सांगे, येतील.

सतराव्या दिवशी साडी आली. बाईंनी दोन्ही धागे जाळले. दोन्हींना केसांचा वास आला. साडी फॉलसाठी माझ्या मांडीवर होती. काका जळलेल्या धाग्यांची राख बोटाने गोळा करत होते.

"भाऊ, हिच्याबद्दल काही सांगितलं नाही तुम्ही," बाई म्हणाल्या.

"आता तुम्हीच सांगा, ताई."

बाईंनी भिंग लावलं. आणि ती अबोल बाई बोलायला लागली. इथे मामांचा हात थोडा सैल पडला असेल, वीण उघडी आहे. इथे नवीन धागा जोडलाय, गाठ दिसते. ही निळ्याची करवत पाहा, एक दाता लहान, एक मोठा, माणसाने मोजून मोजून केलेली. मुलीकडे न बघता त्या बराच वेळ बोलल्या, आणि काका एखाद्या विद्यार्थ्यासारखे मान डोलावत ऐकत राहिले. ऐकता ऐकता माझी सुई मात्र त्या काठावर दोनदा चुकली.

लग्नाचा फोटो बाईंनी काकांच्या मोबाइलवर पाठवला. मामांना दाखवायला ते खाप्याला गेले, तेव्हा मामांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं होतं, पण नजर परत आली नव्हती, आणि माग सुटा करून भिंतीला टेकवलेला होता. काकांनी फोटो त्यांच्या अगदी जवळ धरला. मामा म्हणाले, "पांढरं पांढरं दिसते बाप्पा," आणि बोटाने काच चाचपत राहिले, जणू तिथे काठ हाताला लागेल.