आई नव्हे, अपेक्षा वाचते

भाग्यश्री लेले सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांच्या घरातून दहावीचं गणित ऑनलाइन शिकवतात. कॅमेऱ्यात मागे फक्त पांढरी भिंत दिसते. वाळत घातलेले कपडे त्या आधीच बाजूला सारतात. पूर्वपरीक्षेचे पेपर तपासले की त्या प्रत्येक घराला ईमेल पाठवतात. गोड नाही, खरं.

"खरं बोलण्यानं विद्यार्थी वाढत नाहीत," असं त्यांचे यजमान आनंदराव म्हणतात.

बिबवेवाडीच्या अपेक्षाबद्दल भाग्यश्रीताईंनी तिच्या घरी लिहिलं होतं : आजच्या तयारीवर बीजगणित आणि भूमिती मिळून ऐंशीपैकी पंचवीसच्या आसपास. शाळेचे अंतर्गत गुण धरून पास होईल, पण काठावर. नव्वदची आशा धरू नका. भूमितीच्या सिद्धतांसाठी अजून वेळ आहे, तिच्यावर ओरडण्यासाठी नाही.

बाकीच्या घरांतून उत्तरं आली, एकदोन रागाचीही. अपेक्षाच्या घरून काहीच नाही. आणि त्या संध्याकाळी अपेक्षा वर्गातही आली नाही.

वर्ग संपताच भाग्यश्रीताईंनी तिच्या आईला, शेफालीताईंना, फोन लावला. ईमेल? शेफालीताईंना ठाऊकच नव्हता. नोंदणी अपेक्षानंच केली होती, आमचं कुठलं ईमेल, म्हणून पालकांच्या जागी स्वतःचाच पत्ता टाकला होता. आणि वर्गाचं काय विचारता, ती तर मघापासून आत दार लावून तुमच्याच वर्गात बसलीय.

मोठ्यांसाठी लिहिलेलं ते सगळं मुलीनं एकटीनं वाचलं होतं.

"ताई, ती आज वर्गात नव्हती. फोन ठेवू नका. आधी तिच्याकडे जा."

चपलांचा आवाज. दारावर थाप. पुन्हा थाप. शेफालीताईंची हाक एकदम वर चढली. आनंदराव पेपर खाली ठेवून बायकोकडे बघत राहिले.

कडी वाजली. मग बराच वेळ नुसतं रडणं. आईचं की लेकीचं, कळेना. शेवटी अपेक्षा फोनवर आली.

"मॅम, तुम्ही मम्मीला आकडा सांगितला?"

"नाही."

"पप्पा सगळ्यांना नव्वद सांगत फिरतायत."

"मी त्यांच्याशी बोलू?"

लांबून तिच्या वडिलांचा, मच्छिंद्ररावांचा आवाज आला : काय झालं, कोणाचा फोन?

"नको, मी सांगते," अपेक्षा म्हणाली. "ते ओरडले तर तुम्ही बोला."

तिनं फोन स्पीकरवर टाकला. भाग्यश्रीताई ऐकत राहिल्या. मुलगी बोलली; पंचवीस म्हणाली, काठावर म्हणाली. पलीकडे कोणी ओरडलं नाही.

मग मच्छिंद्रराव फोनजवळ आले. घसा खाकरला.

"मॅडम, ते सिद्धता का काय म्हणता, ते उद्यापासून घ्याल का तिचं?"

"उद्या कशाला, आजच घेते," भाग्यश्रीताई म्हणाल्या. "जेवली का ती, ते आधी बघा."