नुकसान सांगा

स्टेला मॅडमबद्दल लिहायचं तर शांतपणे लिहावं असं पुष्कळदा ठरवलं. जमत नाही. मी त्यांच्या कॉलेजातला ग्रंथपाल, हनुमंत. माझं काम पुस्तकं देणं-घेणं, पण त्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये मी होतो, त्यामुळे गप्प बसायची सोय उरली नाही.

स्टेला शांतवन, वय एक्केचाळीस. सोनईकडून रोज स्कूटीवर येतात. बारा वर्षं अर्थशास्त्र शिकवतात, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे जूनमध्ये नेमणूक, मार्चमध्ये घरी, पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखत. बारा वर्षं शिकवणाऱ्या बाईला दरवर्षी विचारतात, 'तुम्हाला शिकवण्याचा अनुभव किती?' आणि त्या दरवर्षी न चिडता सांगतात. मी असतो तर फाइल टेबलावर आपटली असती.

तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी वर्गात एकेक विषय पडद्यावर मांडायचा आणि मग तोंडी प्रश्नांना उत्तरं द्यायची, असे वीस गुण असतात. बाकीचे शिक्षक पडद्यावर दिसतंय तेच विचारतात. मुलं मागे वळून वाचतात, गुण मिळतात, सगळे खूश. स्टेला मॅडमचा नियम वेगळा. उत्तर पडद्यावर सापडलं, तर प्रश्न रद्द. शिवाय धोरणावरच्या अखेरच्या प्रश्नाला जोडून दोन शब्द ठरलेले: 'नुकसान सांगा.' त्या म्हणायच्या, "औषध सगळेच सांगतात. त्याचा त्रास कोणाला होईल ते सांगता आलं, तरच धोरण कळलं." पोरं त्यांना पाठीमागे 'नुकसानबाई' म्हणायची. प्रेमानंच म्हणायची.

यंदा निकिताचा विषय होता महागाई आणि व्याजदर. मिरजगावची ही पोरगी होस्टेलवर राहते, बोलते कमी. पडद्यावर तिनं बाण काढले होते: रिझर्व्ह बँक रेपो दर वाढवते, कर्ज महागतं, लोक खर्च आवरतात, मागणी घटते, महागाई आवरते. चित्र अगदी बरोबर. मग मॅडमनी पाच-पाच गुणांचे चार प्रश्न विचारले.

पहिला: अवकाळीनं टोमॅटो गेला, भाव चढले. दर वाढवाल का?

निकिता म्हणाली, "लगेच न्हाई वाढवनार. व्याज वाढवून टमाटे पिकत न्हाईत मॅडम. पन लोक दरसाल असंच महागनार धरून मजुरी, भाडी वाढवायला लागले, तर वाढवीन."

दुसरा: दर वाढला तर कोणाचं बरं, कोणाचं वाईट? तिनं ठेवीवर जगणारे म्हातारे आणि हप्त्यावर टेम्पो घेतलेला माणूस, असं उत्तर दिलं.

तिसरा: गेल्या वर्षी महागाईचा दर आठ टक्के होता, यंदा चारवर आला. या दोन वर्षांआधी शंभरला मिळणारी वस्तू आता कितीला?

"एकशे बारा आन् वर काही पैसे."

चौथा: महागाई जास्त आहे आणि कारखान्यात माणसं कमी करतायत. दर वाढवणार की थांबणार? नुकसान सांगा.

"भाव सगळ्याच गोष्टींचे चढत असतील तर वाढवीन. नुकसान म्हंजे अजून काही लोकांचं काम जाईल. आनि थांबले आन् चुकले, तर पुढं जास्त वाढवावे लागतील, मग लई लोकांचं जाईल."

दुपारी वाचनालयात मला हे सगळं सांगताना मॅडमचा चेहरा फुलला होता. दोन दिवसांनी गुणपत्रक आलं. निकिता, वीसपैकी सहा. नापास.

कारण ऐका. प्रश्न मॅडमचे, पण उत्तरसूची विभागप्रमुखांची, आणि मॅडमनी लिहून घेतलेल्या उत्तरांना गुणही त्यांचेच. तासिकेवरच्या माणसाला उत्तरसूची करायचा अधिकार नाही. त्याला फक्त ती टाइप करायचं आणि गुणपत्रकावर सही करायचं काम. विभागप्रमुख हर्षल सरांच्या सूचीत पहिल्याचं उत्तर 'व्याजदर वाढवावा', चौथ्याचं उत्तर 'व्याजदर वाढवावा', आणि तिसऱ्याचं उत्तर 'शहाण्णव'. टाइप करतानाच मॅडमनी त्यांना चूक दाखवली होती. "आहे तसं करा," असं उत्तर मिळालं होतं.

मॅडमनी सही केली नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा.

प्राचार्यांनी बोलावलं. पाठ्यपुस्तक घेऊन मीही हजर झालो. हर्षल सर म्हणाले, "सर, महागाई कमी झाली म्हणजे वस्तू स्वस्त झाली. आठाचे चार झाले, चार उतरले. शंभरातून चार गेले, शहाण्णव. यात विचारायचं काय?"

आता रस्त्यावरचा माणूस असं म्हणाला तर मी समजू शकतो. आपल्याकडे महागाई म्हणजे भाव, आणि महागाईचा दर म्हणजेसुद्धा भावच. पण पंधरा वर्षं अर्थशास्त्राचा पगार घेणाऱ्यानं?

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "दर म्हणजे वाढायचा वेग, सर. वेग कमी झाला तरी वाढ चालूच आहे. शंभरचे एकशे आठ झाले. त्यावर चार टक्के, म्हणजे एकशे बारा रुपये बत्तीस पैसे. भाव उतरायला दर शून्याच्या खाली जावा लागतो."

प्राचार्य रसायनशास्त्राचे. त्यांनी कागदावर मांडून पाहिलं. मग मला म्हणाले, "दार लावून घ्या."

दार लागल्यावर जे बोलणं झालं ते आठवलं की आजही डोकं तापतं. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, बरोबर तुमचंच आहे. पोरीचे गुण दुरुस्त करू. पण सूची का बदलली हे विद्यापीठाला कळवावं लागेल. विभागप्रमुख चुकले असं मी कळवू शकत नाही, मूल्यांकन समिती येतेय. टाइप तुम्ही केलंय. टाइप करताना चूक झाली, असं लिहून द्या."

ज्या सूचीला हात लावायचा त्यांना अधिकार नव्हता, तिच्यातली चूक त्यांच्या नावावर. हर्षल सर खिडकीतून बाहेर बघत होते. मी म्हणालो, "सर, हे बरं नाही." प्राचार्य म्हणाले, "तुम्ही पुस्तक ठेवा आणि जा." मी गेलो नाही, एवढंच मला जमलं.

मॅडमनी विचारलं, "निकिताला किती गुण?"

"तुम्ही म्हणाल तेवढे."

"एकोणीस."

त्यांनी कागद ओढला, दोन ओळी लिहिल्या आणि सही केली.

निकिता पास झाली, एम.ए.ला पुण्याला गेली. यामागं काय घडलं ते तिला अजून माहीत नाही. जूनमध्ये वेळापत्रक लागलं, त्यात स्टेला मॅडमचं नाव नव्हतं. त्यांच्या फाइलीवर शेरा होता: 'उत्तरसूचीत गंभीर चूक, लेखी कबुली प्राप्त.'

मी सोनईला त्यांच्या घरी गेलो. त्या दहावीच्या मुलांची शिकवणी घेत होत्या. मी फार बोललो, जे मनात होतं ते सगळं. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "हनुमंतराव, माझाच चौथा प्रश्न होता तो. पर्याय निवडला, नुकसान मला माहीत होतं. मला पूर्ण गुण द्या."

नाही देणार. मी पाचपैकी अडीचच देतो. त्यांनी फक्त स्वतःचं नुकसान धरलं. परवा तिसऱ्या वर्षाची नवी मुलं वाचनालयात बसून हर्षल सरांच्या वहीतून पाठ करत होती: महागाईचा दर उतरला की वस्तू स्वस्त होते. साठ मुलं होती. एकानंही विचारलं नाही, किती स्वस्त.