वरचे सोळा तास

माजरीकडच्या एका कोळसा खाणीच्या दवाखान्यात मी नर्स होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. कामगारांची ठराविक मुदतीने तपासणी व्हायची आणि ब्लड प्रेशर जास्त निघालं की माणसाला खाली उतरू देत नसत. रक्तदाब मोजायचं काम माझ्याकडे. पट्टा बांधताना मी फटकळपणे बोलायची, म्हणून कामगार मला टरकून असत.

त्या वर्षी एक वयस्क खाणकामगार दोनदा नापास झाला. १५२/९६, नाडी १०२. आता एकच संधी उरली होती. ती हुकली की कायमचा वरच्या कामावर. त्याच्या टोळीत त्याच्याशिवाय पान हलत नसे, आणि ते तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरायचा. वर बसवलं तर हा माणूस खचेल, हे मला दिसत होतं.

मला एक गोष्ट खटकत होती. मागल्या महिन्यात बोटाला पट्टी करायला तो पाळी संपवून थेट आला होता. बाकावर बराच वेळ बसला होता, तेव्हा मी सहज नाडी धरली होती. ७८ भरली. मग तपासणीच्या सकाळीच घोडं कुठं अडतं?

खिडकीतून बाहेर पाहिलं आणि मीच कपाळावर हात मारला. रांगेतली सगळी मंडळी कडुनिंबाखाली बसून बिड्या ओढत होती. खाली बिडी-काडी न्यायची बंदी, खाणीच्या तोंडावरच झडती घेत. म्हणजे पाळीचे आठ तास बिडी नाही, आणि तपासणीला मात्र नुकतीच विझवलेली.

डॉक्टरसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "निकोटिन मिनिटांत पोचतं, अ‍ॅड्रेनलिन सुटतं, नसा आवळतात, काळीज पळायला लागतं. रात्रभर बिडी नसते ना, म्हणून सकाळची पहिली सगळ्यात जोरात लागते. दिवसभर ओढत राहिलं की शरीर जरा सरावतं, पण नाडी चढलेलीच राहते. रात्री झोपला की उतरते."

मी त्याला बोलावून दम भरला. "भाऊ, उद्या पाळी सुटली की थेट इथं यायचं. बिडीला हात लावला तर याद राखा."

दुसऱ्या दिवशी आला. तासभर बसवलं. मोजलं, तर १४८/९४, नाडी ९६! मी भडकले.

"बिडी पेली ना?"

"नाई हो बाई, तुमची आन! कालपासून एकबी नाई पेली. लय तलब आली तं पोरायनं खर्रा देल्ला, तोच दाबून राह्यलो."

गालात खर्रा होता. सुपारी, तंबाखू, चुना, सगळं गुण्यागोविंदानं नांदत होतं! गालातून निकोटिन हळू शिरतं, पण जास्त वेळ टिकतं. रागावू तरी कुणावर? मी बिडीचंच नाव घेतलं होतं. चंद्रपूरकडच्या माणसाला तंबाखू सोड म्हणताना खर्रा वेगळा सांगावा लागतो, हे मला इथं जन्मून कळू नये? मला स्वतःचीच लाज वाटली. डॉक्टरसाहेबांनी मात्र तो आकडा फॉर्मवर चढवला नाही. म्हणाले, "हे मोजणंच चुकलं. उद्या पुन्हा."

तिसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर त्याला चुळा भरायला लावल्या, गाल उघडून पाहिले आणि माझ्या डोळ्यांसमोर तासभर बाकावर बसवलं. बिचारा हाताची बोटं मोडत बसला. १३६/८६, नाडी ७८. साहेबांनी फॉर्मवर "फिट" लिहिलं. मला इतका आनंद झाला, जणू माझाच निकाल लागला होता.

शिक्का मारून कागद तयार व्हायला वेळ होता, म्हणून तो बाहेर गेला. पाच-दहा मिनिटांत तो परत आला, हसत, बिडीचा वास घेऊन. मी त्याचं मनगट पकडलं. बोटं गार पडली होती. घड्याळ लावून मोजलं, शंभर.

"हे एकाच बिडीनं?" त्यानं विचारलं.

"एकाच."

"दिवसाच्या वीस होतेत माह्या." तो खुर्चीवर बसला. मग हसला. "म्हंजे बाई, खाली अंधारात मेहनत करून बी माह्या काळजाले तिथंच आराम भेटते. अन् वर येऊन, झाडाखाली बसून, मीच त्याले पळवून राह्यलो."

इतकी वर्षं मी खाली उतरणाऱ्यांचीच काळजी करत आले होते.

त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला. "खालचे आठ तास तुमी पास केले, बाई. वरचे सोळा कोन पास करन?"